आकृती गेली, आलेख सांगायचा राहिला

बारामतीहून इंदापूरला निघालेली बारावीची सराव प्रश्नपत्रिका क्षणात पोचली, तिच्यातली आकृती तेवढी पोचली नाही. एकाच खासगी क्लासच्या या दोन शाखा. इंदापुरात छापून आलेल्या प्रत्येक प्रतीत आलेखाच्या जागी रिकामा चौकोन होता आणि त्याच्या कोपऱ्यात लाल फुली. खाली प्रश्न मात्र शाबूत: सोबतच्या आलेखावरून फलन कुठे वाढते, कुठे घटते ते सांगा.

मी त्या दिवशी इंदापूरच्या वर्गावर होतो. कारण नंतर कळलं. आकृती फाइलीत प्रत्यक्ष घातलेली नव्हती, नुसती जोडलेली होती. ज्या संगणकावर चित्राची मूळ फाइल असते तिथे ते नीट दिसतं, म्हणून टाइप करणाऱ्याला शंकाच येत नाही. दुसऱ्या संगणकाला मात्र ते चित्र सापडत नाही. तीच फाइल दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर उघडून पाहिली असती, तर हे घरातच उघडकीला आलं असतं.

प्रश्न काढणाऱ्या मॅडम एसटीत होत्या, चित्र घरच्या संगणकावर. हातात फक्त उत्तरपत्रिका, तिच्यात सूत्र:

f(x) = (x² − 3)/(x − 2)

सूत्र फळ्यावर लिहून देता येत नव्हतं. ते दिलं की मुलं डेरिव्हेटिव्ह काढून मोकळी होतात, आणि प्रश्न तर आलेख वाचण्याचा होता. तेव्हा आलेख शब्दांत सांगायचा ठरला. इंदापूरचे सर फोन कानाला लावून कागदावर काढू लागले.

“सर, डावीकडून वर चढत येतो, एक टेकाड होतं, मग खाली उतरतो. पुढे एक खळगा, आणि पुन्हा वर.”

सरांनी अगदी तसंच काढलं: वर, खाली, वर, एकसंध वळणदार रेघ, नेहमीच्या घनफलनासारखी. टेकाड वर, खळगा खाली. सांगणं खोटं नव्हतं, तरीही कागदावरचा आलेख सपशेल चुकीचा होता.

गंमत अशी, की या फलनात टेकाडाचा माथा (1, 2) वर आहे आणि खळग्याचा तळ (3, 6) वर. तळ माथ्यापेक्षा चार एककं उंच! एकसंध रेघेत टेकाडावरून उतरून लगेच येणारा खळगा टेकाडापेक्षा उंच असूच शकत नाही. म्हणजे मध्ये आलेख तुटलेला असलाच पाहिजे. वर-खालीच्या भाषेत ही तूट सांगायला जागाच नव्हती. स्थानिक महत्तम म्हणजे आलेखाचा सगळ्यांत उंच बिंदू नव्हे, हे मुलांना शंभरदा सांगणारे शिक्षकही फोनवर बोलताना ते विसरतात.

तेव्हा सांगण्याचा क्रम उलटा धरावा. वळणं शेवटी, आधी ज्या रेषांच्या जवळ आलेख जात राहतो त्या रेषा, म्हणजे ॲसिम्प्टोट. छेद शून्य होतो x = 2 ला आणि तिथे अंश 1 असतो, शून्य नव्हे. म्हणून x = 2 ही उभी तुटक रेषा काढा. मग भागाकार करा:

f(x) = x + 2 + 1/(x − 2)

शेवटचा अपूर्णांक x खूप मोठा झाला, की नगण्य होतो. म्हणून y = x + 2 ही दुसरी, तिरकी तुटक रेषा. दोन्ही रेषा (2, 4) ला एकमेकींना छेदतात. या दोन रेषा कागदावर आल्याबरोबर त्याचे चार कोनाडे पडतात, आणि आलेख त्यांतल्या समोरासमोरच्या दोनच कोनाड्यांत राहतो. कुठल्या दोन, हे न सांगितलं तर पुन्हा घोळ.

त्यासाठी ‘रेषेच्या जवळ जातो’ एवढं पुरत नाही, कुठल्या बाजूनं जवळ जातो ते हवं. x = 1.9 घातला तर किंमत येते −6.1, आणि x = 2.1 घातला तर 14.1. म्हणजे उभ्या रेषेच्या डावीकडे आलेख पाताळात जातो, उजवीकडे आभाळात. तिरक्या रेषेचंही तेच: x = 12 ला रेषा 14 वर आणि आलेख 14.1 वर, म्हणजे किंचित वर; x = −8 ला रेषा −6 वर आणि आलेख −6.1 वर, म्हणजे किंचित खाली. चार आकडे, पण कोनाडे पक्के झाले.

आता अक्षांवरचे बिंदू. अंश शून्य होतो तिथे, म्हणजे सुमारे −1.73 आणि 1.73 ला आलेख x-अक्ष छेदतो. x शून्य ठेवला की 1.5 मिळतं, तो y-अक्षावरचा बिंदू. हे तिन्ही बिंदू डाव्या तुकड्यावर आहेत. उजवा तुकडा एकाही अक्षाला शिवत नाही, हेही मुद्दाम सांगावं. नाहीतर काढणारा त्याला सवयीनं अक्षापर्यंत ओढत आणतो.

वळणबिंदू त्यानंतर. डेरिव्हेटिव्ह 1 − 1/(x − 2)² शून्य होतो x = 1 आणि x = 3 ला. शेवटी सगळं डावीकडून उजवीकडे एका दमात बोलायचं. मॅडमनी दुसऱ्या खेपेला सांगितलेलं फळ्यावर असं आलं: “आलेखाचे दोन तुकडे आहेत. डावा तुकडा तिरक्या रेषेच्या खालून वर येतो, x-अक्ष आणि y-अक्ष ओलांडतो, (1, 2) ला माथा गाठतो, पुन्हा x-अक्ष ओलांडून x = 2 या रेषेलगत खाली जात राहतो. उजवा तुकडा त्याच रेषेलगत वरून खाली येतो, (3, 6) ला तळ गाठतो आणि तिरक्या रेषेच्या वरच्या अंगानं चढत जातो.” या वेळी सरांचं चित्र बरोबर आलं.

माझ्या मते प्रश्नपत्रिकेत चित्र असलं, तरी असा परिच्छेद उत्तरपत्रिकेच्या मागे लिहून ठेवावा. लाग्रांजनं 1788 सालच्या आपल्या यामिकीच्या ग्रंथात एकही आकृती नाही, असं प्रस्तावनेतच सांगितलं होतं, पण त्याच्या वाचकासमोर समीकरणं होती. आपल्या मुलांसमोर ती नसतात.

ऐकून काढलेलं चित्र तपासायला एक आडवी पट्टी पुरते. ती y = 4 वर धरली, तर आलेखाला कुठेही लागता कामा नये, कारण 2 आणि 6 यांच्या मधली कुठलीच किंमत हे फलन घेत नाही. y = 10 वर दोन ठिकाणी लागली पाहिजे, आणि y = 2 वर माथ्याला नुसती टेकली पाहिजे. y = 4 वर पट्टी कुठे लागली, की दोन तुकडे जोडले गेले किंवा वळणबिंदू चुकले असं समजावं.

तिरक्या रेषेला आलेख कधीच शिवत नाही, हा मात्र या फलनापुरता योग. x/(x² + 1) चा आलेख दूरवर x-अक्षाच्या जवळ जातो आणि तरी आरंभबिंदूत तोच अक्ष ओलांडतो. त्यामुळे ‘ॲसिम्प्टोट म्हणजे न ओलांडायची रेषा’ असं सरसकट सांगू नये. उभ्या रेषेपुरतंच ते खरं.

आणि सूत्र वाचून दाखवताना आकडे दोनदा वदवून घ्यावेत. अंशातल्या 3 च्या जागी 4 ऐकला गेला, तर (x² − 4)/(x − 2) मध्ये छेद तसाच x = 2 ला शून्य होतो, पण अंशही तिथेच शून्य होतो. मग उभी रेषाही नाही, माथा नाही, तळ नाही. उरते फक्त y = x + 2 ही सरळ रेघ, जिच्यातून (2, 4) हा एक बिंदू गळालेला असतो. तो तिथे पोकळ वर्तुळानं दाखवावा लागतो.