विमानातील आसननकाशा कसा वाचावा?

विमानाचे तिकीट संगणकावर वा भ्रमणध्वनीवर आरक्षित करताना एका टप्प्यावर पडद्यावर लहान चौकोनांची आकृती उमटते. हाच आसननकाशा. कोणते आसन मोकळे आहे आणि त्यासाठी किती जादा रक्कम पडेल, एवढे तो रंगांवरून सांगतो. परंतु रंग हा दराचा निदर्शक असतो, सोयीचा नव्हे. आसनाची सोय ठरते ती त्याच्या पुढे काय आहे आणि मागे काय आहे यावरून. ही दृष्टी ठेवून नकाशा कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम विमान ओळखावे

आरक्षणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार दिलेला असतो. कित्येकदा तो तीन अक्षरांच्या संकेतातच असतो. `320` म्हणजे एअरबस ए-320, `32N` म्हणजे त्याचीच नवी ‘निओ’ आवृत्ती, `738` म्हणजे बोइंग 737-800 आणि `AT7` म्हणजे पंख्यांचे एटीआर-72. भारतातील देशांतर्गत मार्गांवर ए-320 कुटुंबातील विमाने मोठ्या प्रमाणावर दिसतात, म्हणून आपण तेच उदाहरण घेऊ.

या विमानाच्या साधारण वर्गात मधोमध एक मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन आसने असतात. `A` व `F` खिडकीजवळची, `B` व `E` मधली, तर `C` व `D` मार्गिकेलगतची. मात्र विमानाचे नाव एक असले तरी आतील मांडणी एकच असेल असे नाही. केवळ साधारण वर्ग असलेल्या ए-320 मध्ये पूर्वी 180 आसने बसवली जात. मागील प्रसाधनगृहे व गॅली यांची रचना अधिक आटोपशीर केल्यावर तेथेच 186 आसनांची सोय झाली. म्हणजे एक रांग वाढली आणि ‘शेवटची रांग’ 30 वरून 31 वर गेली. काही कंपन्या 13 हा क्रमांक गाळतात. त्यामुळे रांगेच्या क्रमांकावर विसंबण्यापेक्षा नकाशात ती रांग द्वारांपासून आणि भिंतींपासून किती दूर आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

पाठ मागे न झुकणाऱ्या रांगा

समजा, नकाशात 30 रांगा असून पंखांवरील आपत्कालीन द्वारे 12 व 13 या रांगांपाशी दाखवली आहेत. आपत्कालात प्रवाशांना या द्वारांपर्यंत विनाअडथळा पोहोचता यावे, म्हणून त्यांच्यासमोरील वाट मोकळी ठेवावी लागते. बाराव्या रांगेपुढची वाट ही अकराव्या रांगेच्या पाठीमागे येते. म्हणून अकराव्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही. तेराव्या रांगेपुढच्या वाटेसाठी बाराव्या रांगेलाही हेच बंधन लागू होते. तेराव्या रांगेमागे मात्र असे कोणतेही द्वार नसते. म्हणून या तिहींत 11 ही सर्वांत गैरसोयीची: तिला ना पाय पसरण्यास जादा जागा, ना पाठ टेकून विसावण्याची मुभा. बाराव्या रांगेत पायांना जागा मिळते, पण पाठ ताठ राहते. तेराव्या रांगेत दोन्ही गोष्टी साधतात.

शेवटच्या तिसाव्या रांगेची कथा वेगळी. तिच्या पाठीला भिंत असल्याने ती मागे झुकत नाही किंवा अगदी थोडी झुकते. परंतु पुढील एकोणतिसावी रांग मात्र झुकू शकते. अशा वेळी प्रवासी दोन्ही बाजूंनी आखडतो. उलटपक्षी, बाराव्या व तेराव्या रांगेतील प्रवाशासमोरची पाठ स्थिर असल्याने त्याच्या गुडघ्यांवर कोणी रेलत नाही. काही विमानांत सर्वच आसनांच्या पाठी स्थिर असतात. तेथे हा भेद उरत नाही.

प्रसाधनगृह आणि गॅली

नकाशात प्रसाधनगृह मानवी आकृतीने, तर गॅली, म्हणजे खाद्यपेये तयार ठेवण्याची जागा, बहुधा पेल्याच्या चिन्हाने दर्शवतात. ए-320 मध्ये सामान्यतः एक प्रसाधनगृह अग्रभागी आणि दोन अगदी मागे असतात; गॅलीही दोन्ही टोकांना असतात. मागील दोन-तीन रांगांत दार उघडझाप होण्याचा आवाज, दिव्याची तिरीप, गॅलीतील भांड्यांची खळखळ आणि मार्गिकेत तिष्ठणारी माणसे यांचा त्रास होतो. त्यात मार्गिकेलगतच्या प्रवाशाच्या खांद्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागतात. पहिल्या रांगेसमोर भिंत असल्यास पुढचा कोणी रेलत नाही, हा लाभ. पण पिशवी पायांशी ठेवता येत नाही आणि खाण्याचा फलक हातटेकूत सामावलेला असल्याने आसनाची रुंदी किंचित कमी भासते.

एक उदाहरण

एक ज्येष्ठ दांपत्य मुंबईहून गुवाहाटीस मुलाकडे निघाले आहे. उड्डाण सुमारे तीन तासांचे. पतीचा उजवा गुडघा आखडतो आणि त्यांना प्रसाधनगृहात वारंवार जावे लागते. पत्नीला विमानात थोडी झोप हवी. पायांना जागा म्हणून तेरावी रांग मोहात पाडते. परंतु आपत्कालीन द्वाराजवळ बसणाऱ्याने ते उघडण्यास सक्षम असावे लागते. पतीची प्रकृती पाहता ती रांग बाद. अकरावी व तिसावी आपण वर बाद केल्याच आहेत.

आता मागील प्रसाधनगृहापासून पाच-सहा रांगा पुढे यावे. चोविसावी रांग जवळ आहे, तरी रांगेत तिष्ठणाऱ्यांची गर्दी तेथवर सहसा येत नाही. प्रवासाच्या दिशेने तोंड केले असता `C` आसनाची मार्गिका उजव्या हाताला, तर `D` आसनाची डाव्या हाताला येते. उजवा पाय अधूनमधून लांबवायचा असल्याने पतीसाठी `24C`. पत्नीसाठी खिडकीचे `24A` घेतले, तर पती उठताना तिची झोप मोडत नाही. मात्र मधल्या `24B` वर अन्य प्रवासी येण्याची शक्यता राहते. ते टाळायचे असल्यास पत्नीने `24B` घ्यावे. पाठ झुकवण्याची मुभा या सर्वच आसनांना आहे.

विमान बदलल्यास

हाच हिशेब एटीआर विमानात जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे मार्गिकेच्या दोहों बाजूंस दोन-दोनच आसने असतात, म्हणजे मधले आसनच नाही. सामानाचा कक्ष पुढे आणि प्रवाशांचे द्वार मागे असते. म्हणून लवकर उतरता यावे या हेतूने पहिल्या रांगेसाठी जादा रक्कम मोजणारा प्रवासी येथे सर्वांत शेवटी उतरतो. शिवाय पंख्यांचा आवाजही पुढील भागात अधिक जाणवतो.

कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते. अशा वेळी `24C` हा क्रमांक कायम राहतो, परंतु त्याचा शेजार बदलतो. किंवा प्रवाशाला वेगळेच आसन दिले जाते. विमान बदलल्याची खूण म्हणजे तपशिलातील संकेत बदलणे, किंवा नकाशातील एकूण रांगा व द्वारांच्या जागा पूर्वीहून निराळ्या दिसणे. म्हणून आरक्षणाच्या वेळी पाहिलेला संकेत टिपून ठेवावा आणि वेब चेक-इन करताना तो पुन्हा ताडून पाहावा. त्या वेळी दुसरे मोकळे आसन निवडण्यास बहुधा वाव असतो. विमानात शिरल्यावर तो क्वचितच उरतो.