कुपी जपा, वेळ लिहा

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना एका तान्ह्या मुलीच्या मृत्यूच्या चौकशीत मी होतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर तिला गोवर-रुबेलाची लस दिली. त्याच रात्री ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले आणि पहाटे ती गेली. लसीनंच घात केला, असं सारं गाव म्हणत होतं.

लसीनंतर झालेल्या त्रासाची कारणं पाच प्रकारची मानतात: लसीतल्या घटकाची प्रतिक्रिया, लसीच्या उत्पादनातला दोष, लस हाताळताना किंवा देताना झालेली चूक, सुईच्या भीतीनं आलेला ताण आणि योगायोगानं त्याच सुमारास झालेला दुसरा आजार. आम्ही एकेक तपासत गेलो. या लसीमुळे येणारा ताप साधारण आठवड्यानंतर येतो, त्याच रात्री नाही. तीव्र ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत दिसते, पण अर्धा तास थांबवलं तेव्हा मूल खेळत होतं. त्याच बॅचबद्दल इतर गावांतून तक्रार नव्हती. एवढ्या लहान बाळाला भीतीनं असं होत नाही.

उरल्या दोन शक्यता. ही लस पावडरच्या रूपात येते. द्रावक मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. त्यानंतर ती ठेवून वापरली, तर आत शिरलेले जंतू वाढतात आणि त्यांच्या विषानं नेमकी अशीच लक्षणं दिसतात. पण लस कधी मिसळली, ती वेळ कुपीवर वा नोंदवहीत कुठेच नव्हती. मिसळलेली कुपी ४८ तास जपून ठेवायची असते. ती त्याच संध्याकाळी टाकून दिलेली. त्याच कुपीतून लस घेतलेली इतर चारही मुलं ठणठणीत होती आणि मुलीला दोन दिवस आधीपासून जुलाब होते, असं आजीनं सांगितलं. म्हणजे कल योगायोगाकडे होता. मात्र शवविच्छेदन झालं नव्हतं. पुरेसा पुरावा नसल्यानं राज्याच्या समितीनं ‘वर्गीकरण करता येत नाही’ असा निष्कर्ष नोंदवला. त्या निष्कर्षानं लस दोषी ठरली नाही, निर्दोषही नाही. आईला उत्तर मिळालंच नाही.

म्हणून आरोग्य सेविकांनो, द्रावक मिसळताच कुपीवर तारीख आणि वेळ लिहा. मृत्यू झाला किंवा मूल रुग्णालयात दाखल झालं, तर ताबडतोब वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. जिल्ह्याला २४ तासांत सूचना गेलीच पाहिजे. कुपी, द्रावक, सिरिंज शीतसाखळीत सीलबंद ठेवा आणि त्या कुपीतून लस घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन या. डॉक्टरांनी जागेवर कारण जाहीर करू नये. ते काम समितीचं आहे.

आईवडिलांनो, लसीआधीचा ताप, जुलाब लपवू नका आणि लसीकरण कार्ड सांभाळा. शवविच्छेदनाला होकार देणं किती जड असतं, हे मी पाहिलं आहे. तरीही तो द्या. आपलं मूल कशानं गेलं, हे कळण्याचा तोच बहुधा एकमेव मार्ग असतो.