क्रिएटिन : व्यायामशिक्षकांचा आग्रह व डॉक्टरांचा थांबा

नागपुरातील एखाद्या व्यायामशाळेत जाणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास शिक्षक सांगतात, "क्रिएटिन घे." घरचे डॉक्टर म्हणतात, "तूर्त थांब." अशा वेळी कोणाचे ऐकावे, हे ठरविण्यापूर्वी दोघांच्या म्हणण्याचा आधार पाहणे अवश्य आहे.

क्रिएटिन हा पदार्थ शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली मांसाच्या अर्कात शोधून काढला. आपले शरीर तो स्वतःच रोज सुमारे १ ग्रॅम तयार करते. मांस व मासे यांतूनही तो मिळतो. त्याचा बहुतेक साठा स्नायूंत असून, वजन उचलण्यासारख्या अल्पकाळच्या जोराच्या कामी तो उपयोगी पडतो. प्रौढांनी व्यायामासह रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास बळात काहीशी भर पडते. तेव्हा शिक्षकांचे म्हणणे निराधार नव्हे. मात्र आरंभी वाढणाऱ्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो, हे ध्यानात ठेवावे.

आता डॉक्टरांची बाजू पाहू. या साठ्याचा अल्प अंश रोज क्रिएटिनिन होऊन मूत्रावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे दुर्बल झाली की तो रक्तात साचतो. म्हणून डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. परंतु भुकटी घेणाऱ्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंडे निरोगी असतानाही वाढू शकते.

समजा, आपल्या विद्यार्थ्याने तपासणीवाचूनच भुकटी सुरू केली आणि महिन्याने अंक १.३ आला. ही वाढ भुकटीची की रोगाची, हे त्या एका अंकावरून कळणार नाही. तोच अंक आधी ०.९ होता व मूत्रात प्रथिन नव्हते, अशी नोंद असती तर विचारास आधार मिळाला असता. मग भुकटी काही आठवडे बंद करून पुन्हा तपासता येते; अथवा सिस्टॅटिन-सी ही क्रिएटिनवर अवलंबून नसलेली तपासणी करता येते. अंक तरीही उतरला नाही, तर मूत्रपिंडांचा कसून शोध घ्यावा लागतो.

वयाचाही प्रश्न आहे. वाढत्या मुलांवरील प्रयोग थोडे असल्याने अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था अठरा वर्षांखालील मुलांस त्याचा सल्ला देत नाही. अपाय सिद्ध झाला आहे असे नव्हे. निर्धोकपणाचा पुरावा अपुरा आहे.

म्हणून पालकांनी डॉक्टरांस विचारावे, "कशासाठी थांबावे, आणि कोठवर?" उत्तर "तपासणी होईपर्यंत" असेल तर ती करून घ्यावी, "वयासाठी" असेल तर अठरा पूर्ण होऊ द्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र शिक्षकांच्या सांगण्यावरून भुकटी मुळीच घेऊ नये. थांबल्याने सतरा वर्षांच्या मुलाचे फारसे बिघडत नाही. नियमित व्यायाम, डाळ, दूध, अंडी व पुरेशी झोप यांनी त्या वयात बळ वाढतच असते.