बीडमधल्या फ्लॅटचे रास्त भाडे



फ्लॅटचे भाडे म्हणून घरमालक जो आकडा सांगतो, तो खर्चाचा एकच भाग असतो. डिपॉझिटमध्ये अडकलेल्या पैशाचे बुडणारे व्याज आणि दरमहाचा मेंटेनन्स हे दोन भाग त्यात मिळवले, म्हणजे खरे मासिक ओझे कळते. दोन घरांची तुलना करायची ती या बेरजेची.

बीडसारख्या गावात तुलनेसाठी जाहिराती थोड्याच मिळतात. जालना रोड, नगर रोड किंवा बार्शी रोडच्या बाजूला फिरले की ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या दिसतात, पण पाटीमागचा आकडा मागणीचा असतो. व्यवहार किती रुपयांना ठरला, हे त्याच इमारतीत राहणारा भाडेकरूच सांगू शकतो, म्हणून अशा दोन भाडेकरूंचे आकडे दहा पाट्यांपेक्षा मोलाचे. काळही पाहावा. सरकारी नोकरांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि शाळा जूनमध्ये सुरू होतात. तेव्हाची मागणी दिवाळीनंतरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय खरी मानू नये.

डिपॉझिटचे मासिक भाड्यात रूपांतर सोपे आहे. बँकेच्या मुदत ठेवीवर सहा टक्के व्याज धरले, तर दर वीस हजार रुपयांमागे महिना शंभर रुपये होतात. डिपॉझिटसाठी बारा टक्क्यांनी कर्ज काढावे लागत असेल, तर तेच दोनशे होतात. परत मिळणारे डिपॉझिट फुकटचे नसते हे सरकारही मानते. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क काढताना भाड्यात या रकमेचे वार्षिक दहा टक्के व्याज मिळवले जाते.

मेंटेनन्सच्या बाबतीत रकमेआधी त्यात काय येते ते विचारावे. जिन्यातला दिवा, झाडलोट, वॉचमन आणि पाणी चढवायच्या मोटारीचे बिल हा राहणाऱ्याचा खर्च. मालमत्ता कर, सिंकिंग फंड आणि मोठी दुरुस्ती मालकाकडेच असावी. सोसायटी नोंदणीकृत असेल, तर फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचे ना-वापर शुल्कही मालकाचेच, आणि ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. बीडमध्ये मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. शहराला माजलगाव आणि बिंदुसरा प्रकल्पांतून पाणी मिळते, तरी दुष्काळी वर्षी नळ आणि बोअर दोन्ही हात टेकतात आणि टँकर मागवावा लागतो. टँकरची वर्गणी मेंटेनन्समध्ये धरली आहे की वेगळी, आणि गेल्या उन्हाळ्यात दर घरामागे किती पडली, हे शेजाऱ्यांकडून काढून ती बारा महिन्यांवर वाटावी.

केवळ समजण्यासाठी काही आकडे घेऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या टू बीएचकेचे भाडे नऊ हजार, डिपॉझिट साठ हजार, मेंटेनन्स सातशे. टँकर वेगळा, उन्हाळ्यात घरामागे अठराशे. म्हणजे ९,००० + ३०० + ७०० + १५०, एकूण १०,१५० रुपये.

आता तुलनेची घरे. तेवढ्याच चटई क्षेत्राचे, त्याच भागातले पहिले घर पहिल्या मजल्यावर आहे. भाडे साडेनऊ हजार, डिपॉझिट वीस हजार. मेंटेनन्स आणि टँकर भाड्यातच. बेरीज ९,६००. त्याच इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट चारशे रुपयांनी स्वस्त गेला आहे, म्हणून मजल्यापोटी चारशे वजा केले की ९,२०० उरतात. अशी फरकाची रक्कम अंदाजाने न लावता एकाच गोष्टीत फरक असलेली जोडी शोधून काढावी. दुसरे घर तिसऱ्याच मजल्यावर, लिफ्टविना. भाडे साडेआठ हजार, डिपॉझिट तीस हजार, टँकरसह मेंटेनन्स आठशे, बेरीज ९,४५०. तिसऱ्या घराची बेरीज १०,२०० येते, पण ती पाटीवरची मागणी आहे आणि घर दोन महिने रिकामे आहे. तो आकडा रास्त भाड्याचा पुरावा ठरत नाही. एवढ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, एवढेच तो सांगतो.

तेव्हा रास्त बेरीज ९,२०० ते ९,४५०. त्यातून डिपॉझिटचे ३००, मेंटेनन्सचे ७०० आणि टँकरचे १५० वजा जाता भाडे ८,०५० ते ८,३०० निघते. मालकाने भाडे नऊ हजारच ठेवून डिपॉझिट साठवरून वीस हजारांवर आणले, तर सवलत मोठी वाटते, पण महिन्याला दोनशेच वाचतात आणि भाडे तरीही पाचशे ते साडेसातशेने चढेच राहते.

ही रीत दोन-तीन खऱ्या व्यवहारांवर उभी असल्यामुळे शे-दोनशेचा फरक तिच्यात राहणारच. घरे फार वेगळी असली, जसे एक नवे आणि एक वीस वर्षांचे, तर ती चालत नाही. तिथे दुसरी जोडी शोधावी.

आकडा ठरला की भाडे, डिपॉझिट, मेंटेनन्सच्या बाबी, टँकर आणि अकरा महिन्यांनंतरची वाढ करारात वेगवेगळी लिहून घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तसा करार नसला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

— मामा