स्पॉन्सरशिपबद्दल आधीच विचारणारे पत्र कसे लिहावे?



आमच्या झरीचा एक माजी विद्यार्थी परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवीधर झाला. वय २३. नेदरलँड्समधल्या एका बियाणे कंपनीच्या संकेतस्थळावर त्याला तांत्रिक सहायकाची जागा दिसली, आणि पत्राचा कच्चा मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला. मसुद्यात "महोदय, मी एका शेतकरी कुटुंबातील होतकरू तरुण" पासून "आपला विश्वासू" पर्यंत सगळं होतं. शेवटी एक वाक्य: "आपण मला व्हिसा द्याल का?"

चूक त्याची नव्हती. शाळेत आपण विनंतिअर्ज शिकवतो, तोच त्याने लिहिला. पण कंपनी व्हिसा देत नाही, तो तिथलं सरकार देतं. कंपनी फक्त 'स्पॉन्सर' होते, म्हणजे आपल्या माणसासाठी सरकारकडे अर्ज करते आणि त्याची जबाबदारी घेते. म्हणून प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर कंपनीच देऊ शकेल.

अर्धं उत्तर तर पत्राआधीच मिळतं. नेदरलँड्सच्या इमिग्रेशन खात्याच्या ind.nl या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्पॉन्सर कंपन्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. तिथल्या 'उच्च कुशल स्थलांतरित' योजनेत फक्त अशाच कंपन्या परदेशी माणूस आणू शकतात. एक गोम मात्र आहे. यादीत कंपनीचं कायदेशीर नाव असतं, पाकिटावरचं ब्रँडचं नाव नव्हे. आमच्या विद्यार्थ्याला आधी कंपनी सापडलीच नाही. मग संकेतस्थळाच्या तळाशी पाहिलं, तर तिथे कायदेशीर नाव आणि व्यापार नोंदणीचा आठ आकडी क्रमांक होता. त्यावरून शोधलं आणि सापडली.

पण यादीत नाव म्हणजे होकार नव्हे! दुसरी भिंत पगाराची. या योजनेत पदवीच्या कागदापेक्षा पगाराकडे बघतात. २०२५ साली ३० वर्षांखालच्या माणसासाठी किमान पगार सुट्टीभत्ता सोडून महिना ४,१७१ युरो होता, आणि तिशी ओलांडलेल्यासाठी ५,६८८ युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून त्या वर्षीचाच बघावा. कंपनीची इच्छा असली तरी त्या जागेचा पगार याखाली असेल, तर या वाटेने अर्ज होतच नाही. नवख्या पदवीधराची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. म्हणून पत्रात पगाराचा उल्लेख हवाच. तो करायला आपली मुलं उगाच लाजतात.

शेवटी पत्र असं झालं (पाठवलं अर्थातच इंग्रजीत, विषयात पदाचं नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि "अर्जापूर्वी एक प्रश्न"):

"आपल्या तांत्रिक सहायक या जागेसाठी अर्ज करण्याचा माझा विचार आहे. मी भारतीय नागरिक असून नेदरलँड्समध्ये काम करण्याचा परवाना माझ्याकडे नाही. आपली कंपनी मान्यताप्राप्त स्पॉन्सरांच्या यादीत असल्याचे मी पाहिले. या जागेसाठी भारतातून येणाऱ्या उमेदवाराकरिता आपण उच्च कुशल स्थलांतरित म्हणून अर्ज करता का, आणि या पदाचा पगार ३० वर्षांखालील किमान मर्यादेत बसतो का? माझे वय २३ आहे. मी कृषी पदवीधर असून शेवटच्या वर्षी भाजीपाला रोपवाटिकेत बियाण्यांच्या उगवणक्षमतेच्या चाचण्या केल्या आहेत. उत्तर 'नाही' असल्यास तेवढे कळवले तरी चालेल."

बघा, परवाना नाही हे दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलंय. ते लपवून उपयोग नाही, कारण अर्जाच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न बहुतेक वेळा असतोच. आणि शेवटच्या वाक्यामुळे वाचणाऱ्याला एका ओळीत उत्तर देता येतं. मुलाला ते वाक्य उद्धट वाटत होतं. मी म्हटलं, "अरे, तू त्याचा वेळ वाचवतोयस." गरिबीचं वर्णन मात्र मी काढायला लावलं. त्याला ते जड गेलं, पण रोपवाटिकेची ओळ त्या जागी जास्त बोलते.

उत्तरं तीन तऱ्हेची येतात. "या जागेसाठी करत नाही" आलं तर आभार मानून पुढची कंपनी बघावी. "आधी अर्ज करा, मग पाहू" आलं तर अर्ज जरूर करावा, पण पहिल्या मुलाखतीतच प्रश्न पुन्हा काढावा. तिसरं उत्तर घातक: "हो, करतो, फाइलसाठी एवढे पैसे भरा." तिथे थांबायचं. खरी कंपनी उमेदवाराकडून नोकरीचे किंवा स्पॉन्सरशिपचे पैसे मागत नाही. ईमेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघावा. नाव खऱ्या कंपनीचं आणि पत्ता भलताच, असंही घडतं. पालकांनो, शेत गहाण ठेवण्याआधी एवढं पाहाच.

आमच्या विद्यार्थ्याला नऊ दिवसांनी उत्तर आलं: कंपनी स्पॉन्सर करते, पण या जागेचा पगार मर्यादेत बसत नाही. त्याच पत्रात त्यांनी वरच्या एका पदाचं नाव दिलं, त्यासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो आता एका रोपवाटिकेत नोकरीला लागला आहे. पत्राची प्रत त्याने जपून ठेवली आहे.