‘येस सर’ म्हणण्याआधी

अगं, तू पोरांसाठी ‘तीस दिवसांत इंग्रजी’चं पुस्तक आणलंस, ते आधी कपाटात ठेव. त्यात रेल्वे स्टेशनवरचे आणि पोस्ट ऑफिसातले संवाद असतात. आपल्या वेटरला पोस्टात जायचं नाही, चार नंबरच्या टेबलावर जायचंय. लातूरला मी आपल्या हॉटेलातल्या पोरांना शिकवलं, त्यातलं जे खरं उपयोगी पडलं तेवढंच तुला सांगते.

तुझ्या नांदेडला कोण येतं ते आधी बघ. हुजूर साहिबला पंजाबातून येणाऱ्यांशी हिंदीत भागतं, आणि आपल्या पोरांची निजामाच्या वेळेपासून चालत आलेली हिंदी चांगलीच पक्की आहे. अडचण होते ती इंग्लंड-कॅनडातून आलेल्या घरांची. आजी हिंदी-पंजाबीत बोलते, सून दोन्हीकडचं बोलते आणि नातवंडांना इंग्रजीशिवाय काही येत नाही. लंगरमध्ये पोटभर जेवूनसुद्धा संध्याकाळी त्या नातवंडांना फ्रेंच फ्राइज हवेच असतात, आणि तिथेच आपला वेटर घामाघूम होतो. म्हणून पोरांना पहिला नियम हा दे, की पाहुणा ज्या भाषेत सुरुवात करेल तीच आपली भाषा. आजीशी इंग्रजी झाडायचं नाही आणि नातवाला हिंदीत दटावायचं नाही.

आता खरी गोष्ट ऐक. आपल्या पोरांना बोलता येत नाही हे मोठं दुखणं नाही. कळलं नाही तरी मान हलवून ‘येस सर, येस सर’ म्हणतात, हे खरं दुखणं. साहेबासमोर ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते ना! आमच्याकडे एकदा असंच झालं. एक बाई वेटरला म्हणाल्या, “माय सन हॅज अ पीनट ॲलर्जी.” पोरानं त्यातला ‘पीनट’ तेवढा ओळखला, झकास ‘येस मॅडम’ म्हणाला आणि आत येऊन मसाला पीनटची ऑर्डर लावली. आणताना मी बघितलं म्हणून वाचलो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला थोडंसं खाल्लं तरी घसा सुजून श्वास अडकू शकतो. आणि आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकात कूट कुठे नाही, सांग बरं! भरल्या वांग्यात आहे, चटणीत आहे, खिचडीत आहे. काही ठिकाणी तर तळायचं तेलही शेंगदाण्याचंच.

म्हणून सगळ्यात आधी ‘वेलकम’ शिकवू नकोस. आधी हे वाक्य घोटून घे: “वन मिनिट प्लीज, आय विल आस्क द किचन.” हे ज्याला आलं त्याला अर्धं इंग्रजी आलं. त्याच्या आधी पाहुण्याचाच शब्द परत म्हणायचा, “पीनट ॲलर्जी?” असा, प्रश्नासारखा. मग आत जाऊन आचाऱ्याला विचारायचं की कूट आहे का, तेल कोणतं, आणि पळी-कढई तीच वापरलीय का. उत्तर पक्कं मिळालं नाही तर बाहेर येऊन खरं सांगायचं: “सॉरी मॅडम, वुई कॅनॉट बी शुअर.” नुसत्या नकारावर थांबायचं नाही. वेगळ्या भांड्यात साधा भात लावता येत असेल, तर तेही विचारायचं: “प्लेन राइस अँड कर्ड, ओके?” इथे ‘कर्ड’ कळलं नाही तर ‘योगर्ट’ म्हणायचं.

हे दुसऱ्या नावांचं प्रकरण जरा नीट बसवून घे, कारण मेनूकार्ड आपल्या देशी इंग्रजीत असतं. आपली ‘लेडीज फिंगर’ त्यांच्याकडे ‘ओकरा’ असते. वांग्याला आपण ‘ब्रिंजल’ लिहितो; इंग्लंडचा माणूस त्याला ‘ओबर्जीन’ म्हणतो आणि कॅनडाचा ‘एगप्लांट’. हे दुसरं नाव ऐकून शाकाहारी आजीच्या ताटात अंडं आहे की काय, अशी धांदल आपल्याच पोरांची उडते. आपलं ‘पार्सल’ तिकडे ‘टेकअवे’ किंवा ‘टू गो’, आणि कॅनडातला पाहुणा ‘वॉशरूम’ विचारतो ते ‘टॉयलेट’च. आणि बाई, तिकडचा कोणी ‘वॉडर’ म्हणाला तर पाणी मागतोय. त्यावर एकच प्रश्न विचारायचा, “बॉटल ऑर रेग्युलर?”, आणि बाटलीचं झाकण त्यांच्यासमोरच उघडायचं.

ऑर्डर घेताना पोरं पाठ केलेलं वाक्य धडाधड म्हणतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. त्यापेक्षा शेवटी ऑर्डर वाचून दाखवायची सवय लाव: “टू दाल तडका, वन जीरा राइस, फोर रोटी, लेस स्पायसी. करेक्ट?” व्याकरण नाही त्यात, पण चूक स्वयंपाकघरात जाण्याआधी टेबलावरच पकडली जाते. त्यात ‘लेस स्पायसी’ मोठ्यानं म्हणायचं. आपला ‘कमी तिखट’ म्हणजे लातूरचा कमी तिखट, हे आचाऱ्यालाही वेगळं सांगावं लागतं.

आकड्यांचा घोळ मात्र भल्याभल्यांचा होतो. ‘फिफ्टीन मिनिट्स’ सांगितलं आणि पाहुण्यानं ‘फिफ्टी’ ऐकलं की तो उठून जातो. म्हणून वेळ असो की बिल, आकडे सुटे करून सांगायचे: “वन-फाइव्ह, फिफ्टीन.” सोबत घड्याळावर बोट ठेवलं तर अजून बरं. बिलाचं तर सरळ कागद पुढे करून आकड्यावर बोट ठेवायचं.

शिकवायची वेळ म्हणशील, तर दुपारची गर्दी ओसरल्यावर, साडेतीन-चारला, दहा-पंधरा मिनिटं. फळा नको, शाळेतला मार आठवतो त्यांना. टेबलावर बसव आणि भांडी घासणाऱ्या पोराला पाहुणा कर. तो खुर्चीत रेलून असा काही तोरा मिरवतो की सगळी हसतात, आणि हसता हसता जीभ सुटते. त्या पाहुण्याला आधी कानात सांगून ठेव की मध्येच काहीतरी अवघड बोल, ऑर्डर बदल, पुटपुट. वेटर ‘येस’ म्हणाला की आऊट. ‘सॉरी सर, वन्स मोअर प्लीज’ म्हणाला की पास. वाक्यं देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून पिकअप खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटव. नेपाळ-बिहारकडची पोरं असतील तर त्यांनाही ती वाचता येतात. उच्चारावर फार टोकू नकोस. ‘इस्पून’ म्हटलं तरी चमचाच येतो.

लातूरला आता आणखी एक तऱ्हा होणार बघ. इथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात वंदे भारत स्लीपर बांधायचं काम रशियन भागीदारीतल्या कंपनीकडे आहे. त्या माणसांचं इंग्रजी आपल्या पोरांइतकंच तुटक असलं, तर लांब वाक्यं दोघांनाही जड. तिथे मेनूवर पदार्थांचे फोटो लावलेले बरे.

आणि एक तुझ्यासाठी. पोरगा टेबलापाशी अडखळला की तू गल्ल्यावरून धावत जाऊन त्याच्या तोंडातला घास काढून घेतेस, ते बंद कर. लांबून बघ, आणि त्यानं हात वर केला तरच जा. गेलीस तरी पाहुण्याशी तू बोलू नकोस, शब्द त्याला सुचव आणि वाक्य त्यालाच पुरं करू दे. चुकीचा हिशेब संध्याकाळी काढ, टेबलावर नाही.