महालक्ष्म्यांचं निवडणं-टिपणं

महादेवपुरा, बेंगळुरू
श्रावण वद्य पंचमी

चि. मुक्तास,


यंदा महालक्ष्म्या तुझ्याकडे बसणार हे ठरलं, फार बरं वाटलं. आजीने तुला फोनवर एवढंच सांगितलं, "डाळ नीट निवडून घे गं." तू हो म्हणालीस. पण त्या "नीट" मध्ये तिचा सगळा जन्म आहे आणि तो ती बोलून सांगणार नाही, कारण तिला ते हाताने येतं, तोंडाने नाही. मागच्या वर्षी मी तिच्याशेजारी बसून पाहिलं, तेच तुला लिहिते.

आपल्याकडे ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि महानैवेद्य. इथल्या कानडी शेजारणींची गौरी मात्र गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेलाच येते. त्या एकमेकींना सुपातून वाण देतात, मोरद बागिन म्हणतात त्याला. सुपात तांदूळ, डाळी, गूळ, बांगड्या घालायच्या, वर दुसरं सूप झाकायचं. त्यामुळे त्या आठवड्यात कृष्णराजपुरमच्या बाजारात सुपांच्या थप्प्या लागतात आणि आजी आपलं सूप तेव्हाच घेऊन ठेवते. वाणाची सुपं लहान आणि हळदीने रंगवलेली असतात, ती कामाची नाहीत. मोठं, दाट विणीचं बघायचं. नव्या सुपाच्या फटींतून मोहरी गळते, म्हणून ती भिजवलेल्या मेथीत कागदाचा लगदा कुटून सुपाला आतून-बाहेरून लिंपते आणि खडखडीत वाळवते. तुला पुण्यात बुरूड आळीत सूप मिळेल. आत्ताच आण, वाळायला पावसाळ्यात वेळ लागतो.

आता डाळ. पंचवीस पानं म्हणजे दीड किलो हरभरा डाळ पुरे, किलोला चाळीसच्या आसपास मध्यम पोळ्या होतात. तुझ्या काकाने मागच्या वर्षी सुटी डाळ आणली होती. दिसायला पिवळीधमक, एकही खडा नाही. मी म्हटलं, आई, ही निवडायची गरजच नाही. आजी काही बोलली नाही. गॅलरीच्या दारापाशी पाट टाकला, उजेड डावीकडून येईल अशी बसली आणि स्टीलच्या परातीत एक ओंजळ डाळ पसरली. एकच ओंजळ, आणि इतकी विरळ की दाण्यावर दाणा चढला नाही. हे लक्षात ठेव: परात भरून निवडायला बसलं की डोळा वरचंच बघतो. आणि ट्यूबलाइटखाली बसू नकोस. वरून पडणाऱ्या उजेडात खड्याची सावली पडत नाही, बाजूच्या उजेडात बारीकसा खडाही सावलीसकट दिसतो. भाद्रपदात आभाळ असतंच, म्हणून सकाळी दहा ते बारा ही वेळ धरायची.

पहिली ओंजळ पलीकडून अलीकडे सरकवताना तिचं बोट थांबलं. तिने दोन दाणे उचलून माझ्या तळहातावर ठेवले. एकाची पाठ फुगीर, किंचित सुरकुतलेली आणि टोकाला हरभऱ्याची बारीकशी चोच. दुसरा गोल, गुळगुळीत, थोडा फिका, चोच नाही. दुसरा वाटाण्याच्या डाळीचा होता. रंगावर गेलं तर फरक कळतच नाही, आकारावर जावं लागतं. वाटाण्याची डाळ खाल्ल्याने कोणाला काही होत नाही, पण पुरणात ती घात करते. दोन्हींचा शिजण्याचा वेळ वेगळा. एक गळून पीठ होते तेव्हा दुसरी कणीदार राहते, मग पुरण यंत्रातून नीट उतरत नाही आणि लाटताना पोळी नेमकी त्या कणीवर फाटते. आजीने त्या ओंजळीतले दाणे मोजून पाहिले, पाचातला एक वाटाण्याचा निघाला. एवढं निवडत बसायचं नाही, असं ती लगेच म्हणाली. डाळ परत पाठवली आणि दुसरीकडून आणवली. ओंजळीत एखाददुसरा दाणा निघाला तर निवडायचं, पाचात एक निघाला तर दुकान बदलायचं.

दुसऱ्या डाळीत ती आणखी एक दाणा शोधत होती, लाखेचा. लाख डाळ गोल नसते. एका बाजूने तिरपी उतरती, पाचरीसारखी, कोपरे असलेली असते आणि रंग थोडा मळकट. तुरीत आणि हरभऱ्यात ती मिसळलेली सापडते. एका जेवणात चार दाणे गेले तर काही बिघडत नाही, पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून पोटात गेली तर पायातलं बळ जातं आणि ते परत येत नाही. दुष्काळात गरीब माणसं अशी कायमची अधू झालेली आहेत. म्हणून वर्षभराची तूर भरताना लाखेकडे बघ. सणाच्या डाळीत ती सापडली तर तो दुकानदार काय विकतो ते तुला कळलं.

पाकिटावर "सॉर्टेक्स" लिहिलेलं असतं त्यावर तू विसंबणार हे मला माहीत आहे. ते यंत्र चांगलंच असतं. कॅमेरा दाण्याचा रंग बघतो आणि वेगळ्या रंगाचा दाणा हवेच्या फुंकरीने बाहेर टाकतो. काळे दाणे आणि डागाळलेले दाणे त्यामुळे बहुतेक जातात, खडे तर त्याआधीच दुसऱ्या यंत्रात काढलेले असतात. पण पाकीट बंद झाल्यावर आत जे वाढतं त्याला ते यंत्र काय करणार? ओल्या हवेत भुंगा पाकिटातही होतो. म्हणून पूर्वी खड्यांसाठी निवडायचे, आता किडीसाठी आणि बुरशीसाठी निवडायचं. मूग, मटकी, चवळी अशी आख्खी कडधान्यं हातात घेऊन बघ: दाण्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं. दाण्याला स्वच्छ गोल भोक दिसलं तर भुंगा आधीच बाहेर पडलेला. अळी अजून आत आहे असा दाणा मात्र डोळ्याला कळत नाही. त्यासाठी पाणी. दाणे पाण्यात टाकून हलवले की पोखरलेले बहुतेक वर येतात. ते ओतून द्यायचे.

तांदूळ आणि तूर आजी निवडल्यावरही रोळतेच. पातेल्यात भरपूर पाणी, त्यात तांदूळ, पातेलं गोल फिरवत वरचे तांदूळ पाण्यासकट थोडे थोडे दुसऱ्या भांड्यात सोडायचे. खडा तांदळापेक्षा जड, तो तळाशी मागे राहतो. शेवटचा चमचाभर तांदूळ पुढे जाऊ द्यायचा नाही, तो परातीत घेऊन बोटाने तपासायचा. सुपाला जे जमत नाही ते इथे होतं. पाखडताना फोलपट पुढे उडतं आणि दाणा मागे पडतो, पण दाण्याएवढा खडा दाण्याबरोबरच मागे येतो.

मसाल्याला पाणी चालत नाही, तिथे सगळी भिस्त डोळ्यावर, नखावर आणि नाकावर. नैवेद्याचा काळा मसाला बिनकांद्या-लसणाचा. त्यात आजीचा सर्वांत जास्त वेळ दगडफुलाला जातो. तू ते सरळ पाकिटातून कढईत टाकशील, म्हणून मुद्दाम लिहिते. दगडफूल झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढतं आणि खरवडून काढतात, तेव्हा साल आणि माती बरोबरच येते. आजी एकेक पापुद्रा उलटा करते. वरची बाजू राखाडी, खालची काळी. काळ्या बाजूला साल चिकटलेली असली की ती नखाने सोलून टाकते, मग पापुद्रा दोन बोटांत चुरगाळून कागदावर झटकते. मागच्या वर्षी कागदावर अर्धा चमचा तरी बारीक वाळू जमली. ती मसाल्यात गेली असती तर कटाच्या आमटीच्या प्रत्येक घोटाला दाताखाली कचकचली असती, आणि सगळ्यांनी दोष डाळीला दिला असता.

लवंग नखाने दाब. तेल सुटलं पाहिजे. सुकलेली, आक्रसलेली लवंग म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. एखादी पाण्यात टाकून बघितली तर चांगली लवंग बुडते आणि ही तरंगते. मिऱ्यात पपईचं बी मिसळतात. ते लांबट, सुरकुतलेलं, हिरवट तपकिरी असतं. ब्याडगी मिरचीचे देठ उन्हं दाखवल्यावरच काढ. आधी देठ मोडला तर दमट हवा आत शिरते. देठ काढल्यावर प्रत्येक मिरची उभी चिरून आत बघ. बाहेरून लालभडक मिरचीच्या पोटात पांढरी-काळी बुरशी असू शकते.

मोहरीसाठी आजी फार बारीक नजर ठेवते. 1998 साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली होती, भेसळ पिवळ्या धोत्र्याच्या बियांची. मोहरी गुळगुळीत असते, चिरडली की आत पिवळी. धोत्र्याचं बी खरबरीत आणि चिरडलं की आत पांढरं. चिमूटभर मोहरी पांढऱ्या कागदावर घेऊन बघायची.

आणि दाणे-खोबरं. इथे मुक्ता, काटकसर अजिबात करू नकोस. आक्रसलेला, हिरवट-काळपट शेंगदाणा किंवा आतून काळे ठिपके पडलेली खोबऱ्याची वाटी धुऊन, भाजून घेता येत नाही. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजल्याने पुरतं जात नाही. तेवढा भाग कापून उरलेली वाटी वापरणंही नको. टाकून दे. आजी एरवी सांडलेला तांदळाचा दाणा उचलणारी बाई, पण खवट वाटी तिने माझ्यादेखत कचऱ्यात टाकली.

क्रम असा ठेव. मसाल्याचं सामान उन्हाचा दिवस मिळाला की आधीच निवडून, भाजून, कुटून ठेव, बरणी कोरडी हवी. डाळी आवाहनाच्या आदल्या दिवशी. तांदूळ नैवेद्याच्या सकाळीच रोळ. निवडलेली डाळ उघड्या परातीत रात्रभर ठेवू नकोस, पुण्यातही पावसाळाच आहे.

एकटी बसू नकोस, सासूबाईंना शेजारी बसव. त्यांच्याकडचीही काही पद्धत असेल, ती आधी बघून घे. अडलं तर दाण्याचा फोटो काढून पाठव, पण बाजूच्या उजेडात, आणि फोन मला न करता आजीलाच कर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला आता जवळचं स्वच्छ दिसतं आणि चारनंतर ती जागी असते.

तुझी,
आत्या